दप्तरावरचं साळिंदर कुणाचं?

प्रश्न: आम्ही दोघं मित्र नाशिकमधून यूट्यूबवर लहान मुलांसाठी मराठी ॲनिमेशन मालिका करतो. त्यातलं साळिंदराचं पिल्लू मुलांना फार आवडतं. आता उल्हासनगरचे एक व्यापारी म्हणतात, ‘मर्चंडाइजचे सगळे हक्क द्या, पाच लाख एकरकमी घ्या.’ दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, मऊ खेळणी, पुढे वेफरच्या पाकिटांवर चित्र, असा त्यांचा बेत आहे. पहिल्याच वर्षी दहा हजार दप्तरं खपतील म्हणतात. हवी तर सहा टक्के रॉयल्टीही देतील. पात्र आमचंच आहे, कारण पहिल्यांदा आम्हीच ते अपलोड केलं. मूळ चित्र ओळखीच्या एका चित्रकार मुलीने काढलं होतं, तिला तेव्हा १५ हजार दिले. भीती एकच, बाजारात भलतंच काहीतरी साळिंदर दिसू लागेल. पाच लाख घ्यावेत की रॉयल्टी?

उत्तर: तुमचा प्रश्न पैशांचा आहे, पण पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य चित्रकार मुलीबद्दलचं आहे. सुरुवात तिथून करू.

अपलोडची तारीख एवढंच सांगते, की त्या दिवशी हे पात्र अस्तित्वात होतं. मालकी त्यावरून ठरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा माणूस. तुमच्याकडे पगारी नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून काढलं असतं, तर ते तुमचं झालं असतं. बाहेरच्या कलाकाराला पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राला हा नियम आपोआप लागत नाही. मालिकेचे भाग निर्माते म्हणून तुमचे आहेत यात शंका नाही. पण ज्या मूळ चित्रावर ते उभे आहेत, ते कागदोपत्री आजही त्या मुलीचं असू शकतं. १५ हजार देऊन तुम्हाला मालिकेत ते वापरायची मुभा मिळाली असं म्हणता येईल. दप्तरावर छापायला तिसऱ्याला देण्याची मुभा त्यातच आली, हे सिद्ध करणं जड जाईल.

अशी भांडणं खरोखर कोर्टात गेली आहेत. केरळचे व्यंगचित्रकार टॉम्स यांची ‘बोबन आणि मोली’ ही जोडी ‘मलयाळ मनोरमा’च्या साप्ताहिकात वर्षानुवर्षं चालली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते निवृत्त होऊन दुसऱ्या नियतकालिकासाठी तीच पात्रं काढू लागले, तेव्हा मनोरमा कोर्टात गेली. केरळ उच्च न्यायालयाने टॉम्स यांच्या बाजूने कौल दिला. ही दोन पात्रं त्यांनी नोकरीत येण्याआधीच निर्माण केली होती, हा मुद्दा त्यात मोलाचा ठरला. नोकरीत काढलेली जुनी चित्रं एक गोष्ट आणि पात्र दुसरी, असा हा फरक आहे. तुमच्या बाबतीत तर नोकरीही नव्हती.

तेव्हा व्यापाऱ्याला उत्तर देण्याआधी त्या मुलीकडून लेखी हस्तांतरण, म्हणजे असाइनमेंट, करून घ्या. त्यावर तिची सही हवी आणि कोणती चित्रं, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे स्पष्ट हवं. काळ लिहिला नाही तर कायदा तो पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी’ हे शब्द असायलाच हवेत. आणखी एक खाच आहे. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपुष्टात येतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. हे कलम १९(४). ते लागू नाही असं लिहून घ्या, नाहीतर आज न केलेली मऊ खेळणी दोन वर्षांनी करायला गेलात की अडकाल. तिला याचे वेगळे पैसे द्या आणि श्रेयनामावलीत तिचं नाव ठेवा. श्रेयाचा तिचा हक्क हस्तांतरणानंतरही शिल्लक राहतोच. हे आत्ताच करा असं म्हणण्याचं कारण व्यवहारी आहे: दुकानात दप्तर दिसलं की याच सहीची किंमत कितीतरी वाढते, आणि तिने ती वाढवली तर त्यात तिचं काही चुकणार नाही.

हस्तांतरण घ्यायचं कुणाच्या नावे, हाही प्रश्न आहे. तुम्ही दोघं मित्र आहात एवढ्यावर भागत नाही. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, किंवा कंपनी करा आणि दोघांचेही हक्क त्या संस्थेच्या नावे लिहून द्या. उद्या एकाने दप्तरं आणि दुसऱ्याने बाटल्या वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दिल्या, अशी पाळी नको. खेळणं बोलणारं किंवा गाणारं असणार असेल, तर आवाज देणारा, गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे मोजावे लागतील. सध्या मुकं साळिंदर पुरेसं आहे.

आता व्यापाऱ्याच्या प्रस्तावाकडे येऊ. ‘सगळे हक्क’ या दोन शब्दांत दप्तर, बाटली, खेळणं, वेफर, मोबाइल गेम, वाढदिवसाचं सजावटीचं सामान, मॉलमध्ये मुलांशी हात मिळवणारा पोशाखातला माणूस, सगळं येतं. तेही कायमचं. हे घर विकण्यासारखं आहे. तुम्हाला एकेक खोली भाड्याने द्यायची आहे. लायसन्समध्ये चार गोष्टी बांधून घालायच्या: वस्तू कोणत्या, प्रदेश कोणता, मुदत किती, आणि त्या वस्तूंपुरता हक्क एकट्या त्यालाच की इतरांनाही. वस्तूंचं वर्णन बारीक हवं. ‘बॅगा’ असं न लिहिता ‘पाठीवर घेण्याची शाळेची दप्तरं, कापडी, छपाई किंवा भरतकाम केलेली’ असं लिहा. जे लिहिलं नाही ते सगळं तुमच्याकडे राहतं, हे वाक्यही घाला. मुदत दोन वर्षं. नूतनीकरण आपोआप होणार नाही, ठरलेली विक्री गाठली तरच त्यावर बोलणं होईल.

लोक नेमकं एक कलम विसरतात, ते असं. दप्तरासाठी पिल्लाच्या नव्या पोझ लागतात आणि त्या व्यापाऱ्याकडचा डिझायनर काढतो. पाठीवर दप्तर अडकवलेलं, पावसात छत्री धरलेलं, दिवाळीला कंदील लावणारं. ही चित्रं कुणाची? करारात काही नसेल तर ती तुमची नाहीत. दोन वर्षांनी लायसन्स संपतं आणि तुमच्याच साळिंदराची पन्नासेक चित्रं दुसऱ्याच्या संगणकात राहतात. म्हणून पात्रावर आधारलेलं प्रत्येक नवं काम तयार होताच तुमच्या नावे होईल, आणि त्यासाठी व्यापारी आपल्या डिझायनरकडूनही लेखी सही घेईल, असं लिहा. सुरुवातीची वीस-पंचवीस चित्रं तुम्हीच काढून दिलीत तर ही कटकट बरीच कमी होईल.

मालकीच्या बाजूने अजून दोन गोष्टी. पहिली जरा किचकट आहे, पण खेळण्यांत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही असं रूप एखाद्या वस्तूवर औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा उतरलं, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. ते तुमच्या परवानगीने दुसऱ्याने केलं असलं तरीही. मूळ चित्र कलाकृती म्हणून सुरक्षित राहतं असा न्यायालयांचा कल दिसतो. पण मऊ खेळण्याचा विशिष्ट आकार किंवा साळिंदराच्या तोंडाची बाटली यांचं रक्षण करायचं असेल, तर त्यांची डिझाइन नोंदणी वस्तू लोकांसमोर येण्याआधी करावी लागते. एकदा इन्स्टाग्रामवर फोटो टाकला की नवेपणा गेला. तुमचं पात्र आधीच पडद्यावर गाजलेलं असल्याने त्याच्या खेळण्याच्या नवेपणावरही प्रश्न उठू शकतो. हे बौद्धिक संपदेच्या वकिलाला दाखवूनच ठरवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेडमार्क. पन्नासचा हा आकडा तिथे आड येत नाही, म्हणून पात्राला तो जास्त टिकाऊ आधार आहे. पिल्लाचं नाव आणि त्याचा चेहरा, दोन्ही नोंदवा. नोंदणी वस्तू आणि सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार होते: मालिका वर्ग ४१ मध्ये येते, दप्तरं १८ मध्ये, बाटल्या आणि डबे २१ मध्ये, खेळणी २८ मध्ये. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क दर अर्जाला, दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. एकदम सगळं परवडत नसेल तर नावापासून सुरुवात करा आणि आधी ४१, १८, २१ धरा. खेळणी ठरली की २८. अर्ज तुमच्या संस्थेच्या नावे, व्यापाऱ्याच्या नाही. ‘आम्ही नोंदणी करून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता’ असं गोड बोलून अर्ज स्वतःच्या नावे भरणारे भेटतात. म्हणून त्याने किंवा त्याच्या नातेवाइकांच्या कंपन्यांनी असा अर्ज करायचा नाही आणि विक्रीतून पात्राला मिळणारं नाव तुमचंच, असं करारात हवं.

आता पैसे. रॉयल्टी कशावर, हे ठरल्याशिवाय सहा टक्क्यांना अर्थ नाही. समजा, दप्तराची एमआरपी ७९९ आहे आणि व्यापारी ते दुकानदाराला जीएसटी सोडून ३८० ला देतो. रॉयल्टी साधारणपणे या ३८० वर बसते, एमआरपीवर नाही. म्हणजे एका दप्तरामागे २२ रुपये ८० पैसे. त्याच्याच आकड्याने १० हजार दप्तरं धरली तर वर्षाला २ लाख २८ हजार, नुसत्या दप्तरांचे. दोन वर्षांत साडेचार लाखांच्या वर. आणि तो पाच लाखांत सगळंच मागतोय, तेही कायमचं.

पण दहा हजार हा आकडा खरा कशावरून? तो तपासायचा मार्ग म्हणजे मिनिमम गॅरंटी. त्याला म्हणा, तुमच्या अंदाजाच्या साधारण निम्म्या रॉयल्टीची, म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख २० हजारांची हमी द्या. त्यातले ६० हजार सहीच्या दिवशी, बाकीचे सहा महिन्यांनी, आणि हे सगळे पुढच्या रॉयल्टीतून वळते होतील. विक्री झाली नाही तर मात्र परत मिळणार नाहीत. आकड्यावर त्याचा स्वतःचा विश्वास असेल तर तो थोडी घासाघीस करून मान्य करेल. ‘आधी माल तर विकू द्या’ म्हणाला, तर दहा हजारांचा आकडा फक्त तुमच्यासाठी होता असं समजा. हमी नसलेल्या लायसन्समध्ये दुसराही धोका आहे: माणूस हक्क घेऊन नुसता बसून राहतो आणि तुम्ही दुसऱ्याला देऊही शकत नाही. म्हणून सहीपासून सहा महिन्यांत माल दुकानात आला नाही तर हक्क परत, हेही घाला.

विक्रीच्या रकमेतून काय वजा होतं, ते नीट वाचा. खरोखर परत आलेला माल वजा व्हायला हरकत नाही, पण त्याला पाच टक्क्यांची मर्यादा घाला. वाहतूक, जाहिरात, बुडीत उधारी आणि ‘योजना सवलत’ वजा होता कामा नये. तो स्वतःच्याच भावाच्या दुकानाला १५० रुपयांत दप्तर देईल, त्यासाठी बाहेरच्या दुकानदाराला लावलेला भावच धरायचा. प्रत्यक्ष किती माल निघाला हे कळायला अनुक्रमांकाचे हॉलोग्राम स्टिकर तुम्ही छापून घ्या आणि प्रत्येक नगावर एक, असे मोजून त्याला द्या. आठ हजार स्टिकर गेले, त्याने दिलेल्या विक्रीच्या विवरणात पाच हजार दप्तरं आली, तर उरलेले तीन हजार स्टिकर किंवा न विकलेला माल त्याने दाखवला पाहिजे. विवरण दर तिमाहीला, वर्षातून एकदा वह्या तपासायचा हक्क, आणि पाच टक्क्यांहून जास्त तूट सापडली तर तपासणीचा खर्च त्याचा.

आता ज्याची तुम्हाला भीती वाटते ते भलतंच साळिंदर. ‘दर्जा चांगला ठेवावा’ या वाक्याने ते थांबत नाही. हे नियंत्रण निव्वळ हौसेचंही नाही. मालक मालाकडे पाहतच नाही असं सिद्ध झालं, तर त्याचा ट्रेडमार्क कोर्टात लंगडा पडू शकतो.

आधी व्यापाऱ्याच्या हाती स्टाइल गाइड द्या. त्यात पिल्लू समोरून, तिरकं, बाजूने आणि मागून. डोकं आणि धड यांचं प्रमाण. परवानगी असलेले चेहऱ्यावरचे भाव. रंगांचे पॅन्टोन क्रमांक, म्हणजे छपाईतले ठरलेले रंगक्रमांक, कागदासाठी वेगळे आणि कापडासाठी वेगळे, कारण कागदावरचा रंग कापडावर तसाच उतरत नाही. आणि तुमच्या पात्राची खास अडचण: काटे. पडद्यावर चाळीस काटे छान दिसतात, पण बाटलीच्या झाकणावर तीन सेंटिमीटरच्या चित्रात ते मिसळून काळा डाग होतो. भरतकामात तर आणखीच, बारीक रेघ दोऱ्याच्या जाडीत हरवते. म्हणून लहान आकारासाठी बारा-पंधरा जाड काट्यांचं वेगळं चित्र तुम्हीच काढून द्या. दिलं नाही तर कारखान्यातला ऑपरेटर आपल्या मनाने काटे कमी करेल, आणि तेच तुमचं भलतं साळिंदर. काय चालणार नाही याचंही एक पान हवं: आरशातलं उलटं चित्र, ताणलेलं चित्र, दुसऱ्या पात्रांसोबत, हातात कुठलंही शस्त्र किंवा दुसऱ्या कंपनीचा माल.

मग मंजुरी चार टप्प्यांत: कल्पनाचित्र, छपाईसाठी तयार फाइल, नमुना, आणि प्रत्यक्ष उत्पादनातले पहिले नग. चौथा टप्पा सगळे टाळतात आणि घात तिथेच होतो. नमुना बहुतेकदा सर्वात कसबी कारागिराने हाताने केलेला असतो. पाच हजारांच्या लॉटमध्ये कापड स्वस्तातलं येतं आणि खेळण्याचे डोळे चार-पाच मिलिमीटर सरकतात. एवढ्यानेच गोड पिल्लू भेदरलेलं दिसायला लागतं. मंजूर नमुन्यावर तारीख आणि सही घालून तो सीलबंद करा, एक तुमच्याकडे, एक कारखान्यात. लॉट त्याच्याशी ताडून पाहायचा. बाटलीच्या छपाईवर ब्लेडने बारीक चौकटी कापून सेलोटेप दाबून ओढा. रंग टेपला आला तर महिनाभराच्या धुण्यात पिल्लाचा चेहराच जाईल.

व्यापारी म्हणेल, ‘दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजू.’ उलटं लिहा: उत्तर नाही म्हणजे नामंजूर. मात्र त्याचीही बाजू आहे. दप्तरांचा हंगाम जूनआधीचा आणि त्याचा कारखाना तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून कामाच्या सात दिवसांत उत्तर देण्याची हमी तुम्ही द्या आणि पाळा. नाकारताना कारण आणि दुरुस्ती लेखी कळवा, ‘मजा येत नाही’ हे कारण नव्हे.

मऊ खेळणं सध्या या करारातून काढाच, असं माझं स्पष्ट मत आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि तो परवाना विशिष्ट कारखान्याला मिळतो, दप्तरं शिवणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक आयएस ९८७३. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटणारे छोटे भाग चालत नाहीत, म्हणून प्लास्टिकचे डोळे न लावता ते भरतकामाचे केलेले बरे. साळिंदराचे काटेही टोकदार किंवा उपटून निघणारे नकोत, फेल्टचे, मुळाशी दुहेरी शिवण घातलेले हवेत. ज्या कारखान्याकडे परवाना आहे त्याच्याशी वेगळा करार करा, त्याचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा, आणि लेखी संमतीशिवाय काम दुसरीकडे जॉबवर्कला द्यायचं नाही हे लिहा. मूल गुदमरलं तर बातमीत नाव तुमच्या पिल्लाचं येईल, कारखान्याचं कुणी विचारणार नाही.

वेफरच्या पाकिटाला टक्केवारीचा हिशेब सहसा बसत नाही. तिथे मोहिमेपुरती ठराविक रक्कम घेतात: अमुक तीन महिने, अमुक इतकी पाकिटं, दूरदर्शन किंवा फलकावरची जाहिरात वेगळी. पण मुलांसाठीच्या मालिकेचं पात्र खारट-तळलेल्या पाकिटावर जावं का, हे आधी दोघांनी ठरवा. एकदा गेलं की पालकांच्या मनातून ते पाकीट जात नाही.

शेवट कसा होईल तेही सुरुवातीलाच लिहावं लागतं. मुदत संपली की शिल्लक मालाची यादी पंधरा दिवसांत, आणि तो विकायला नव्वद दिवस, रॉयल्टी देऊनच. शेवटच्या दोन महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त उत्पादन करायचं नाही, नाहीतर जाताजाता दोन वर्षांचा साठा करून ठेवतील. छपाईचे स्क्रीन आणि भरतकामाच्या फाइल्स नष्ट केल्याचं लेखी पत्र. दर्जा किंवा पैसे बुडवल्यामुळे तुम्ही करार तोडला असेल, तर नव्वद दिवसांची सवलत नाही.

तर व्यापाऱ्याला असं कळवा: फक्त दप्तरं आणि बाटल्या, भारतापुरतं, दोन वर्षं, त्या दोन वस्तूंपुरता हक्क एकट्या तुम्हालाच, सहा टक्के मान्य, दप्तरांसाठी हमी १ लाख २० हजार रुपयांची आणि बाटल्यांची त्यांच्या अंदाजावरून वेगळी. खेळणी आणि वेफर यात नाहीत. बाटल्यांचा अंदाज त्यांनी अजून सांगितलेला दिसत नाही, तो लेखी मागवा. हे पत्र मात्र चित्रकार मुलीची सही झाल्यावरच पाठवा, कारण करारात ‘पात्राची संपूर्ण मालकी आमची आहे’ अशी हमी तुमच्याकडून मागितली जाईल आणि ती खोटी ठरली तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.